खारीचं पिल्लू सापडलंय? दुधाची वाटी आधी खाली ठेवा

मे महिना आला की फॅमिली ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर हमखास एक फोटो पडतो, तळहातावर गुलाबी नाहीतर जेमतेम मऊ केस आलेलं, डोळे मिटलेलं खारीचं पिल्लू, आणि खाली प्रश्न, "याला काय पाजू?" माझं उत्तर दरवेळी तेच, काहीही नाही. लोकांना हे ऐकून राग येतो, एका काकूंनी तर मला दगडाच्या काळजाची म्हटलंय. पण मी बघितलेली बहुतेक पिल्लं पडल्यामुळे मेलेली नाहीत, मायेने पाजलेल्या दुधाने मेलीत.

होतं काय, की एवढं पिल्लू घरट्याबाहेर पडलं की झपाट्याने गार पडतं, स्वतःची उष्णता टिकवायची त्याची ताकदच नसते. गार पडलेल्या पिल्लाचं पोट काम करत नाही, दूध आत पडून राहतं, पोट फुगतं, गाईच्या दुधाने वर जुलाब होतात. आणि ड्रॉपरने पाजताना थेंब जरा जास्त पडला की सरळ फुफ्फुसात. नाकातून बुडबुडे आले की समजायचं दूध चुकीच्या ठिकाणी गेलंय, मग न्यूमोनिया होतो आणि एक-दोन दिवसात पिल्लू जातं, आपण म्हणतो नशिबात नव्हतं.

त्यामुळे पहिलं काम ऊब. बुटाचा खोका घ्या, झाकणाला भोकं पाडा, आत जुना सुती टीशर्ट (टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यात नखं अडकतात). पाण्याच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घाला आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकता येतं. बाटली गार झाली की पाणी बदला, नाहीतर तीच त्याची ऊब ओढून घेते. हाताला पिल्लाचं पोट कोमट लागायला पाहिजे. खोका अंधारात, शांत ठिकाणी, आणि मुलांनी दर पाच मिनिटाला झाकण उघडून बघायचं नाही.

आता आई. माणसाचा हात लागला की आई घेत नाही हे आपल्याकडे इतकं मुरलंय की लोक पिल्लू उचलायलाच घाबरतात, किंवा एकदा उचललं की आता आपणच सांभाळायचं असं धरून चालतात. खार पिल्लाला असं टाकत नाही. तिची बऱ्याचदा आसपास दुसरी जागाही असते आणि धोका वाटला की ती पिल्लं एकेक करून तोंडात धरून तिकडे हलवते. फक्त तिला ते दिसायला, ऐकायला पाहिजे, आणि माणसं लांब पाहिजेत.

आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये एसी सर्व्हिसिंगवाल्या पोराने आउटडोअर युनिटच्या मागून काथ्या आणि कापसाचा गोळा ओढून काढला, त्यातून दोन पिल्लं निघाली. त्याचं काही चुकलं नाही, त्याला कचराच वाटला. दुपार होती, खार ग्रिलवर शेपटी उडवत ओरडत होती म्हणजे आई जिवंत आहे, जवळ आहे. एक पिल्लू गरम होतं आणि चिकचिक आवाज करत होतं, दुसरं गार आणि गप्प. गरम असलेलं लगेच एका उथळ खोक्यात, त्याच काथ्या-कापसावर, त्याच ग्रिलला बांधून ठेवलं, खिडकी लावली, पडदा ओढला, सगळ्यांना आतल्या खोलीत पिटाळलं. साधारण अर्ध्या तासात खार आली, उचलून गेली. दुसरं मात्र तसंच ठेवलं नाही, कारण गार पिल्लू हाक मारत नाही आणि हाक आली नाही तर आईला ते कळणार कसं. ते आधी बाटलीजवळ ठेवलं, हलायला लागलं, आवाज काढायला लागलं, पण तोवर संध्याकाळ झाली.

इथेच बहुतेक लोक घोळ करतात. खार दिवसाचा प्राणी आहे, अंधार पडल्यावर ती येत नाही. रात्री बाहेर ठेवलेल्या पिल्लाला मुंग्या, उंदीर, मांजर यातलं कोणीतरी गाठतंच. म्हणून अंधार पडताना खोका आत, रात्रभर ऊब चालू, आणि उजाडलं की परत त्याच जागी. मधल्या वेळेत वनखात्याच्या हेल्पलाइनवर, १९२६ वर, फोन करून ठेवला होता, रेस्क्यूवाल्यांनी सांगितलं की सकाळी आई नाही आली तर आणून द्या. ती आली.

पण काही वेळा आईची वाट बघायचीच नाही. मांजराच्या तोंडातून सुटलेलं पिल्लू, मग जखम दिसो वा न दिसो, कारण मांजराच्या दातातले जंतू आत गेले की अँटिबायोटिकशिवाय ते वाचणं अवघड. रक्त, लोंबणारा पाय, अंगावर रव्यासारखे पांढरे कण म्हणजे माशीची अंडी, आई मेलेली दिसणं, किंवा भर उजेडात काही तास ठेवूनही कोणी न फिरकणं. अशा वेळी सरळ खोक्यासकट रेस्क्यूवाल्यांकडे.

पक्ष्यांचं गणित वेगळं आहे. कुंडीतल्या घरट्यातून बुलबुलाचं पिल्लू खाली उतरलं, अंगभर पिसं आहेत, शेपूट आखूड आहे, बोट पुढे केलं तर घट्ट पकडतं, तर ते पडलेलं नाही, ते उडायला शिकतंय. आईबाप तारेवरून ओरडत असतात आणि जमिनीवरच भरवतात. त्याला "वाचवून" घरी नेणं म्हणजे पळवून नेणं. मांजर असेल तर जवळच्या झुडपात वर ठेवा आणि मांजर घरात कोंडा. पिसं न फुटलेलं असेल तर परत घरट्यात, घरटंच मोडलं असेल तर दह्याच्या डब्याला बुडाला भोकं पाडून, आत सुकं गवत घालून, त्याच फांदीला बांधा. आणि पक्ष्याच्या चोचीत पाणी टाकू नका, श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, पाणी तिथेच जातं.

फोन कोणाला? महाराष्ट्रात वनखात्याची हेल्पलाइन १९२६. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल पक्ष्यांना घेतं, नागपुरात सेमिनरी हिल्सला वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. बाकी गावांत वनखात्याच्या परवानगीने काम करणारी संस्था कोणती, ते १९२६ वरच विचारा, कारण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांमधले निम्मे नंबर मेलेले असतात. फोनवर सांगताना फोटो, नेमकी जागा, किती वाजता सापडलं, मांजर होतं का, आणि काही पाजलंय का हे खरं सांगा. समोरच्याने "परत तिथेच ठेवा" म्हटलं तर तो काम टाळतोय असं समजून फेसबुकवर शिव्या घालू नका हो, तोच बहुतेक वेळा बरोबर सल्ला असतो.

राहिला प्रश्न "आम्हीच वाढवू, मुलांना लळा लागलाय" याचा. रानातला प्राणी घरात पाळणं कायद्यात बसत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ठेवायला परवानगी लागते. ते सोडलं तरी डोळे न उघडलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी भरवावं लागतं, रात्रीसुद्धा, आणि त्याला स्वतःहून शू-शी करता येत नाही, आई चाटून करवते, तिच्याऐवजी तुम्हाला ओल्या कापसाने करवावं लागतं. हे न केल्याने पोट फुगून गेलेली पिल्लं मी बघितलीत. आणि जगलंच तर मोठं झाल्यावर चावतं, पडदे कुरतडतं, मग लोक त्याला बागेत सोडून येतात, जिथे ना त्याला घरटं बांधता येतं ना मांजर ओळखता येतं. रीलवर खांद्यावर बसलेली खार दिसते, तिचं पुढचं वर्ष कोणी दाखवत नाही.