तिथी साताऱ्याची की न्यू जर्सीची?

प्रतिक्रिया: "तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत श्राद्ध एक दिवस आधी येतं. एकाच वडिलांचं श्राद्ध थोरला मुलगा बुधवारी आणि धाकटा मंगळवारी करणार, हा काय प्रकार? आमचा मुलगाही तिकडेच असतो. आमचे सांगलीचे गुरुजी व्हिडिओवरून त्याच्या सकाळी आठला सगळं सांगतात, तासात उरकतं. उगाच लोकांना घोळात पाडू नका."

काका, नमस्कार.

आधी माझी चूक कबूल करतो. 'एक दिवस आधी येतं' हे मी नियम असल्यासारखं लिहिलं, ते चुकलंच. कधी आधी येतं, कधी तारीख तीच राहते. पण तुमच्या गुरुजींच्या सकाळी आठबद्दल मला बोलायचंय, कारण मी साताऱ्यात आणि धाकटा भाऊ न्यू जर्सीत, आणि आमच्या घरातही पहिल्या वर्षी हेच झालं होतं.

तिथी सुरू होते आणि संपते ती साऱ्या जगात एकाच क्षणी. बदलतं ते घड्याळ आणि सूर्योदय. वार्षिक श्राद्धासाठी तिथी अपराह्णात असावी लागते. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे पाच सारखे भाग केले की चौथा भाग म्हणजे अपराह्ण. भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली असते ती सूर्योदयाची तिथी, तीही आपल्याकडच्या सूर्योदयाची. तेवढ्यावर धाकट्याला तारीख कळवली की फसलोच.

समजा, सप्टेंबरात वडिलांची तिथी आपल्या घड्याळाने मंगळवारी रात्री १० ला लागते आणि बुधवारी रात्री ९ ला संपते. साताऱ्यात अपराह्ण साधारण पावणेदोन ते चार. बुधवारी त्या वेळी तिथी आहे, म्हणून मी श्राद्ध बुधवारी करायचं. न्यू जर्सीचं घड्याळ तेव्हा साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे तीच तिथी तिकडे मंगळवारी दुपारी १२:३० ला लागते आणि बुधवारी सकाळी ११:३० ला संपते. तिकडचा अपराह्ण दोन ते साडेचारच्या आसपास. बुधवारी दुपारी तिथी उरतच नाही, म्हणून धाकट्याचं मंगळवारी. आता हीच तिथी आपल्याकडे बुधवारी पहाटे ६ ला लागून गुरुवारी पहाटे ५ ला संपत असती, तर दोघांचंही बुधवारीच आलं असतं.

वाटण्या झालेल्या भावांनी वार्षिक श्राद्ध आपापलं करायचं असतं, त्यामुळे दोन श्राद्धं हा काही नवा प्रकार नाही. वडिलांच्या तिथीला दोघेही चुकत नाहीत. कॅलेंडरातला वार तेवढा वेगळा दिसतो.

आता सकाळी आठ. वरच्या उदाहरणात मंगळवारी सकाळी आठला तिथी लागलेलीच नाही. पहिल्या वर्षी आमचं नेमकं असंच झालं. आपल्याकडे ती संध्याकाळची साडेपाचची वेळ, म्हणून गुरुजींनाही सोयीची आणि धाकट्यालाही ऑफिस गाठायचं होतं. पिंडदान झालं, नंतर पंचांग उघडून बसल्यावर कळलं. कच्चा शिधा देऊन होणारं आमश्राद्ध दिवसाच्या पूर्वार्धात करतात खरं, पण तुमचा मुलगा भाताचे पिंड करत असेल तर ते आमश्राद्ध नव्हे. शिवाय वार्षिक आणि पितृपक्षातलं महालय आमान्नाने करू नयेत असं जुने ग्रंथकार स्पष्ट सांगतात. तरीही अडचण म्हणून शिधा देऊन करणारी घरं साताऱ्यातही आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही.

खरी अडचण गुरुजींच्या झोपेची आहे. डिसेंबरात न्यू जर्सीत दिवस सव्वानऊ तासांचा, सूर्यास्त साडेचारला. त्यामुळे अपराह्ण पाऊणच्या सुमारास लागतो आणि अडीचनंतर थोड्याच वेळात संपतो. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ साडेदहा तास मागे असतं, म्हणून तो लागतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे सव्वाअकरा वाजून गेलेले असतात. आम्ही यावर असा तोडगा काढला की आरंभ कुतुपात करायचा. दिवसाचे पंधरा भाग केले की आठवा तो कुतुप, आणि श्राद्धाला सुरुवात करायला तो चांगला मानतात. डिसेंबरात तो तिकडे साडेअकराच्या पुढे येतो, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे दहा. गुरुजी संकल्प आणि ब्राह्मणस्थापना सांगतात. पिंडदानापर्यंत अपराह्ण लागतो, तो भाग धाकटा आधी रेकॉर्ड करून घेतलेल्या मंत्रांवर करतो. जानवं अपसव्य कुठे, सव्य कुठे, हे त्याने वहीत पेनाने लिहून ठेवलंय. स्वयंपाक सकाळीच: वरण-भात, खीर, वडे, आमसुलाची चटणी. काळे तीळ आणि दर्भ तो इथून जाताना बॅगेत नेतो.

एक बारीकशी गोष्ट तुमच्या मुलालाही सांगा. संकल्पात देश आणि काळ उच्चारायचा असतो. आमचे गुरुजी सवयीने इथलाच देश आणि नदीचा तीर म्हणून गेले, आणि धाकटा बसलेला अटलांटिकच्या काठी. आता ते आधी त्याला शहराचं नाव विचारतात आणि वारही तिकडचा घालतात. वार चुकला की तिथी तपासलेली नाही, हे तिथेच उघडं पडतं.

तुमच्या वडिलांची तिथी कोणती, ते कळवलंत तर यंदाची वेळ मी काढून देईन. गुरुजींना मात्र तुम्हीच समजवा, काका. माझं ते ऐकणार नाहीत.