‘चालेल’ एवढेच उत्तर आले म्हणून

“जो मोठमोठे परिच्छेद लिहितो त्यालाच खरा रस असतो. समोरचा जेवढं लिहील, तेवढंच आपणही लिहावं. तीन वेळा एका ओळीत उत्तर आलं, की सरळ मॅच काढून टाकावी.”

जोडीदार शोधण्याच्या ॲपवर जुळलेल्या व्यक्तीशी, म्हणजे मॅचशी, कसे बोलावे याविषयीचा हा सल्ला. यातील पहिल्या वाक्यात लिहिण्याची सवय आणि माणसाविषयीची ओढ यांची गल्लत झाली आहे. सोलापुरात ती जास्तच महागात पडते, कारण इथे कितीतरी घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते आणि मराठी सफाईने बोलणाऱ्यालाही देवनागरीत चार ओळी टाइप करणे जड जाऊ शकते. माझी एक मैत्रीण शाळेत मराठी शिकवते. तिची मॅच अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर काम करणाऱ्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाशी झाली. ती रात्री दीडशे शब्द लिहीत असे, त्यात घर, नोकरी, पुण्याला जाण्याची तयारी आणि गड्ड्याची यात्रा असे चार प्रश्न असत. त्याचे उत्तर येई, “हो, गड्ड्याला दरवर्षी जातो.” आठ दिवसांत ती वैतागली आणि मॅच काढण्याच्या बेतात आली.

आम्ही दोघींनी ते संदेश पुन्हा वाचले, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. चार प्रश्नांपैकी तो नेहमी शेवटच्याच प्रश्नाला उत्तर देत होता. हे उदासीनतेचे लक्षण असेलच असे नाही, एकाच संदेशात बरेच प्रश्न कोंबले की असे सहज होते. दुसरे म्हणजे, तिने एका परिच्छेदाच्या मध्यात आजीच्या मोतीबिंदूचा ओझरता उल्लेख केला होता आणि चार दिवसांनी त्याने आपण होऊन विचारले होते, “आजींचं ऑपरेशन झालं का?” म्हणजे परिच्छेद वाचला गेला होता आणि लक्षातही राहिला होता. हार्वर्डमधील संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पीड डेटिंगच्या संभाषणांची नोंद तपासली होती. समोरच्याने सांगितलेल्या गोष्टीवर पुढचा प्रश्न विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीसाठी अधिक होकार मिळाल्याचे त्यात आढळले. आजीविषयीचा तो प्रश्न नेमका याच जातीचा होता.

याची उलट बाजूही पाहावी. दुसऱ्या एका ओळखीच्या मुलीला पुण्यातल्या एका मुलाकडून रोज लांबलचक, गोड मजकूर येत असे. तिने प्रोफाइलमध्ये सोलापूर सोडणार नसल्याचे स्पष्ट लिहिले होते, तरी तिसऱ्या दिवशी तो पुण्यातल्या संसाराची वर्णने करू लागला. तिने मधेच एक साधी गोष्ट विचारली, “रविवारी सुट्टी असते का तुम्हाला?” पुढचा परिच्छेद पहिल्याइतकाच लांब होता, पण त्यात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. असा मजकूर कोणालाही पाठवता येतो, आणि बहुधा तो पाठवलेलाही असतो.

दुसरा सल्ला ऐकायला न्याय्य वाटतो, पण व्यवहारात त्याने संवाद आटतो: एकाने आखडते घेतले की दुसराही घेतो आणि दोघेही समोरच्याने सुरुवात करण्याची वाट पाहत बसतात. शब्द मोजून बरोबरी साधण्यापेक्षा संदेशाची घडण बदलणे उपयोगी पडते. माझ्या मैत्रिणीने एका संदेशात एकच प्रश्न ठेवला, तोही हो-नाहीत न संपणारा, आणि त्याला सांगितले, “मला लिहायला आवडतं, तुम्हाला बोलणं सोपं वाटत असेल तर व्हॉइस नोट पाठवा.” कारखान्यात पाळी संपेपर्यंत फोन हातात नसतो, हे तिला त्याच्या पहिल्याच दोन मिनिटांच्या व्हॉइस नोटमधून कळले. परिच्छेद त्याने त्यानंतरही कधी लिहिला नाही.

आपणच कमी लिहिणारे असू, तर प्रत्येक वेळी ‘सॉरी’ म्हणण्यात अर्थ नाही. समोरच्या लांब मजकुरातला एक धागा नावानिशी उचलावा आणि बाकीच्यासाठी वेळ सांगावी: “आजोळचं वाचून मजा आली, बाकीचं रात्री नऊनंतर फोनवर बोलू या का?” मात्र नऊ वाजता फोन करायलाच हवा, अन्यथा हे वाक्य निव्वळ टोलवाटोलवी ठरते.

तिसऱ्या सूचनेतील तीनचा आकडा कुठून आला, कोण जाणे. थांबायचे केव्हा, हा प्रश्न मात्र खरा आहे. घडण बदलल्यानंतरही आठवडाभरात समोरून एकही प्रश्न आला नाही, आपल्या बोलण्यातले काही उचलले गेले नाही आणि दोनदा सुचवलेला फोन दुसरी वेळ न सांगता टाळला गेला, तर उत्तर एका ओळीचे असो वा वीस ओळींचे, “आपलं जुळेल असं वाटत नाही, शुभेच्छा,” एवढे लिहून मॅच काढावी.