प्रेझेंटेशन एडिटिंग, कॉलेज रोड, नाशिक : रिव्ह्यूला उत्तर

★★ "३८ स्लाइड्सचं डेक दिलं, २१ परत आल्या. द्राक्षबागेचे फोटोच उडवले! नुसतं डिलीट करायचे पैसे घेतले, एवढं तर मीही केलं असतं. परदेशी खरेदीदाराला आमचा व्याप दिसणार कसा?"

नमस्कार. तुमच्या कंपनीचे आकडे किंवा दर इथे लिहीत नाही. पण कोणती स्लाइड का गेली हे तुम्हाला कळायलाच हवं.

हे डेक तुम्ही ईमेलने पाठवणार होतात. समोर बोलायला कोणी नसणार, म्हणजे प्रत्येक स्लाइडला स्वतःचं म्हणणं स्वतःच मांडावं लागणार. म्हणून आधी एक्सेलमध्ये प्रत्येक स्लाइडच्या क्रमांकापुढे एक वाक्य लिहिलं : ही स्लाइड खरेदीदाराला काय सांगते? वाक्यात क्रियापद हवंच. "आमचं पॅकहाउस" हे वाक्य नाही. "काढणीपासून प्री-कूलिंगपर्यंत माल आमच्याच ताब्यात असतो" हे वाक्य आहे. जिच्यापुढे असं वाक्य लिहिताच येत नाही, ती स्लाइड सजावटीची. दोघींपुढे एकच वाक्य आलं, तर एक पुनरुक्तीची. नुसती शीर्षकं वाचून हे काम होत नाही. तुमच्याकडे "गुणवत्ता" नावाच्या दोन स्लाइड्स होत्या. एकीत मण्याचा आकार, दुसरीत रेसिड्यू तपासणी. दोन्ही ठेवल्या आहेत. उलट "आमची ताकद" आणि "आम्हीच का?" ही शीर्षकं वेगळी, पण आतला मजकूर एकच होता.

गेलेल्या १७ स्लाइड्सपैकी पाच नुसत्या विभागांच्या नावांच्या होत्या आणि एक अनुक्रमाची. सभागृहात बोलताना अशा स्लाइडवर वक्त्याला दम घेता येतो. ईमेलमध्ये ती फक्त एक जादा क्लिक असते. विभागाचं नाव आता प्रत्येक स्लाइडच्या वरच्या कोपऱ्यात आहे. काढणी ते कंटेनर ही प्रक्रिया पाच स्लाइड्सवर होती, दर वेळी आधीचे मुद्दे तसेच आणि खाली एक नवा. पाचवीत सगळं होतंच, म्हणून पहिल्या चार गेल्या. शेवटची "धन्यवाद" गेली. आता डेक संपर्क आणि पुढच्या पायरीच्या स्लाइडवर संपतं.

पुनरुक्तीच्या दोन स्लाइड्स मात्र सरळ डिलीट करता येत नाहीत, आणि वेळ तिथेच जातो. "आम्हीच का?" या स्लाइडमधली एकच ओळ दुसरीकडे कुठेही नव्हती : ग्रेपनेटवरील बागांच्या नोंदणीची. ती आधी रेसिड्यूच्या स्लाइडवर हलवली, मग स्लाइड काढली. घाईत नेमकं हेच राहून जातं. स्लाइड जुनी वाटते म्हणून उडवली जाते आणि खरेदीदार पहिल्यांदा जे विचारेल तेच तिच्यासोबत जातं. निर्यातीचे दोन आलेखही सारखे दिसतात, पण एक वर्षवार आहे आणि दुसरा महिनावार. माल कोणत्या महिन्यात मिळेल हे दुसराच सांगतो, म्हणून तो ठेवला आणि वर्षवार काढला.

आता फोटो. फोटोची स्लाइड हाताने झाकायची आणि पाहायचं, खरेदीदाराच्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर गेलं? बागेच्या चार स्लाइड्स झाकल्या तरी काहीच गेलं नाही. त्या दिंडोरीच्या कुठल्याही बागेच्या असू शकल्या असत्या. पण मण्याला कॅलिपर लावलेला फोटो आणि पेटीत सल्फर डायऑक्साइडचा पॅड ठेवतानाचा फोटो झाकला, तर पुरावाच जातो. म्हणून ते दोन्ही ठेवले, तेही मोठे करून. व्याप दाखवायचा तर एकर, टन आणि कोल्ड स्टोरेजची क्षमता हे आकडे तुमच्याच दुसऱ्या स्लाइडवर आहेत. आधी ते बागेच्या फोटोवर पांढऱ्या अक्षरांत होते आणि वाचता येत नव्हते.

आम्ही काहीही कायमचं काढलेलं नाही. फोल्डरमधल्या दुसऱ्या फाइलमध्ये त्या १७ स्लाइड्स लपवून ठेवल्या आहेत. हव्या त्या स्लाइडवर राइट क्लिक करून `Unhide Slide`, जुन्या आवृत्तीत `Hide Slide` पुन्हा, दाबलंत की ती परत दिसू लागेल. मात्र ती फाइल बाहेर पाठवू नका : लपवलेल्या स्लाइड्स फाइलमध्ये तशाच असतात आणि उघडणाऱ्याला डावीकडे दिसतात. पीडीएफ करताना `Options` मध्ये `Include hidden slides` वरची खूणही काढलेली असू द्या.

खरेदीदार नाशिकला येणार असेल आणि तुम्ही समोर बसून बोलणार असाल, तर हिशेब बदलतो. तेव्हा बागेचा एक फोटो सुरुवातीला घ्यायला हरकत नाही, कारण त्याच्यावर तुम्ही बोलणार आहात. तसं असेल तर कळवा; ते डेक वेगळं लावून देऊ, त्याचे जादा पैसे घेणार नाही.