नाणं की सेल, हे घरात बसून कळत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

मुलाने नाणं गिळलं असं वाटलं तरी तो रिमोटमधला नाण्यासारखा चपटा बटण सेल असू शकतो, म्हणून लगेच एक्स-रे काढा, तोंडाने काही देऊ नका, सेल असेल तर मध चाटवा, असं मी आधीच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची ही प्रतिक्रिया आणि तिला उत्तर.

प्रतिक्रिया : «डॉक्टर, लेख वाचून आमच्या घरी बायका घाबरल्या आहेत. माझ्या मुलाने रुपया गिळला होता, दोन केळी भरवली, तिसऱ्या दिवशी शीतून पडला. राजापूरच्या आतल्या गावातून प्रत्येक नाण्यासाठी घाट चढून कोल्हापूर गाठायचं का? आणि एकीकडे तोंडाने काही देऊ नका म्हणता, दुसरीकडे मध चाटवा. नक्की काय करायचं?»

तुमच्या मुलाचं नाणं पोटात उतरलेलं होतं, म्हणून ते पडलं. केळी दिली नसती तरी पडलं असतं. पोटात पोचलेलं गुळगुळीत नाणं बहुतेक वेळा आपलं आपण बाहेर येतं, त्यासाठी घाट चढायची गरज नाही. शीकडे लक्ष ठेवायचं आणि पोट दुखलं, फुगलं किंवा उलट्या लागल्या तर दाखवायचं. अन्ननलिकेत अडकलेलं नाणंही, मूल नीट गिळत आणि श्वास घेत असेल तर, साधारण २४ तासांपर्यंत थांबू शकतं. काही नाणी त्या वेळात खाली सरकतात, म्हणून दुर्बिणीने काढण्याआधी पुन्हा एक्स-रे घेतात. लाळ गळत असेल किंवा श्वासाला त्रास असेल तर मात्र थांबायचं नाही.

पण ते नाणंच होतं, हे तुम्हाला कशावरून कळलं? शीत सापडल्यावर. गिळल्या क्षणी ते कळायला मार्ग नव्हता, आणि माझा सगळा लेख त्या क्षणाबद्दल होता.

देवगडजवळच्या वाडीतल्या पावणेदोन वर्षांच्या एका मुलाचं उदाहरण देतो. गणपती विसर्जनाचा दुसरा दिवस, मखर उतरवायचं काम चाललेलं. आरतीच्या ताटातली चिल्लर पडवीत पडलेली. आजीने पोराच्या तोंडात काहीतरी चकाकतं जाताना पाहिलं आणि घरभर एकच झालं, "नातवान पैसो गिळल्यान!" ताटातली नाणी समोरच होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. अर्धं केळं भरवलं, ते त्याने ओकून टाकलं. तासाभराने लाळ गळायला लागली तेव्हा ग्रामीण रुग्णालयात नेलं. समोरून काढलेल्या एक्स-रेत गळ्याखाली गोल पांढरी चकती दिसली आणि कागदावर 'नाणं' असं लिहिलं गेलं.

तो फोटो माझ्या मोबाइलवर आला. मोठा करून पाहिला तर चकतीच्या कडेच्या आत आणखी एक बारीक कडं दिसत होतं, जणू ताटलीत ताटली. नाण्याला सहसा असं दुहेरी कडं दिसत नाही. बाजूने एक्स-रे काढायला सांगितला. नाणं बाजूने सरळ रेघेसारखं दिसतं, इथे त्या रेघेला एका अंगाने पायरी होती. म्हणजे बटण सेल. मग घरी फोन गेला, शोधाशोध झाली. मुंबईहून आणलेल्या दिव्यांच्या माळेचा छोटा रिमोट खाटेखाली सापडला. सेलचा कप्पा अंगठ्याने सरकणारा, स्क्रू नाही, आणि आत काही नाही.

त्या रिमोटातला सेल सीआर २०२५, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मिलिमीटर जाडीचा. २०१९ पासूनचा नवा रुपयाही २० मिलिमीटरचाच आहे. आजीची चूक काढायला जागा नाही.

सेल फुटून आतलं रसायन सांडतं म्हणून इजा होते, असा समज आहे. मुख्य कारण ते नाही. ओल्या अन्ननलिकेत दोन्ही बाजू भिंतींना टेकल्या की वीज वाहायला लागते आणि ऋण बाजूला लाळेतल्या पाण्यापासून तीव्र अल्कली तयार होते. ती मांस अक्षरशः विरघळवते. दोन तासांत गंभीर भाजणं होऊ शकतं आणि तोवर मूल खेळतही असू शकतं. रिमोट चालेनासा झाला म्हणून काढून ठेवलेल्या सेलमध्येही एवढं करण्याइतका विजेचा दाब उरलेला असतो. एक्स-रेतली ती पायरी आणखी एक गोष्ट सांगते. सेलची अरुंद बाजू ऋण असते. या मुलात ती पुढे, श्वासनलिकेकडे होती. तिथे भोक पडलं तर दूध थेट फुप्फुसात जातं. मागे असती तर मणक्याच्या बाजूला इजेची भीती जास्त.

आता मधाचं. 'तोंडाने काही नको' हा नियम भूल द्यायची असते म्हणून आहे. पोट भरलेलं असेल तर भुलेत उलटी होऊन ती श्वासात जाऊ शकते. त्यामुळे केळं, भात, दूध, पाणी काही नाही, आणि ओकारी काढायचीही नाही. मध हा त्या नियमाला ठरवून केलेला अपवाद आहे. घट्ट मध सेलवर थर धरतो आणि त्याचा आंबटपणा अल्कली थोडी मारतो. मूल एक वर्षावरचं असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून १२ तास झाले नसतील तर दोन चहाचे चमचे, दर दहा मिनिटांनी, जास्तीत जास्त सहा वेळा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही. मध इजा मंदावतो, थांबवत नाही. म्हणून मध शोधायला दुकानात जायचं नाही, असेल तर गाडीत बसल्यावर द्यायचा. व्हिनेगर तर घरी मुळीच नको.

या मुलाला १०८ च्या गाडीत मध दिला. फोन आधीच करून ठेवला होता, त्यामुळे घाटावर पोचताच थेट ऑपरेशन थिएटर. भूल देऊन दुर्बिणीने सेल काढला तेव्हा अन्ननलिकेच्या पुढच्या भिंतीवर काळं वर्तुळ होतं. उरलेली अल्कली मारायला ती जागा निर्जंतुक, अगदी सौम्य ॲसिटिक ॲसिडने धुतली, नाकातून नळी घातली आणि काही दिवसांनी औषध पाजून एक्स-रे काढला. गळती नव्हती, मगच तोंडाने दूध सुरू केलं.

आई-वडिलांना इथे हायसं वाटतं, पण सेल काढल्यावरही भिंत विरघळत राहू शकते. भोक, आवाज बसणं किंवा रक्तस्राव काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही होतो. थोडंसं रक्त ओकलं किंवा शी डांबरासारखी काळी झाली तर सकाळची वाट पाहू नका. मोठ्या रक्तस्रावाआधी असा छोटा इशारा येऊ शकतो.

सेल पोटात उतरलेला असेल तर घाई कमी असते. तरी मूल पाच वर्षांखालचं आणि सेल २० मिलिमीटरचा असेल तर काढायचा की पुन्हा एक्स-रे घेऊन पाहायचं, हे डॉक्टर ठरवतात. जत्रेतल्या खेळण्यांमधल्या छोट्या, ताकदवान चुंबकांबाबत एवढंच सांगतो : दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत चेपून भोक पाडतात. एकच गिळला असं घरचे सांगत असले तरी दोन बाजूंनी एक्स-रे घेतल्याशिवाय तो एकच समजत नाहीत. दुर्बिणीच्या टप्प्यात असतील तर लगेच काढतात.

तेव्हा प्रत्येक नाण्यासाठी कोल्हापूर नाही. प्रत्येक 'नाण्या'साठी जवळचा एक्स-रे, तोही समोरून आणि बाजूने, मान आणि छातीपासून पोटापर्यंत, पोचल्या पोचल्या. ती सोय राजापुरातच होईल. चकतीला पायरी दिसली की घाट, आणि जाताना रिकामा रिमोट आणि तसाच दुसरा सेल घरात असेल तर तोही बरोबर घ्या. त्यावरच्या चार आकड्यांतले पहिले दोन व्यास सांगतात आणि शेवटचे दोन जाडी, मिलिमीटरच्या दहाव्या भागात.