अरुंद कॉलम, लांब शब्द: हायफनेशनवरच्या आक्षेपाला उत्तर

अरुंद कॉलमात लांब मराठी शब्द ओळीच्या शेवटी चिन्ह देऊन तोडावा, म्हणजे हायफनेशन वापरावं, असं मी आधीच्या लेखात सुचवलं होतं. त्यावर आलेली वाचकाची प्रतिक्रिया: «लेख इंग्रजीच्या सवयीतून लिहिलेला वाटतो. मराठीत ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याची पद्धतच नाही, ते वाचताना ठेचकाळायला होतं. आमच्याकडे पान लावणारे ऑपरेटर सैल ओळ निवडून थोडं ट्रॅकिंग देतात, काम होतं. नाहीतर सरळ डावीकडे लावा. आणि तोडायचंच असेल तर ते आडवं चिन्ह कशाला? जुन्या पोथ्यांत कुठे असतं?»

आधी हिशेब मांडतो, कारण तुमचे तीनही पर्याय त्यात तपासता येतात. छपाईची रुंदी ३३ सेंटिमीटर, आठ कॉलम आणि दोन कॉलमांमध्ये ४ मिलिमीटर जागा धरली, तर एक कॉलम ३७.७५ मिलिमीटरचा, म्हणजे १०७ पॉइंटांचा होतो. मजकूर १० पॉइंटचा आणि दोन शब्दांमधली साधी जागा २.५ पॉइंट धरू. आता हे वाक्य लावून पाहा: «दादर पश्चिमेला काल महानगरपालिकेच्या पथकाने फेरीवाल्यांवर कारवाई केली.» शब्दांची रुंदी फॉन्टाप्रमाणे थोडी बदलेल. हिशेबापुरतं दादर १७, पश्चिमेला ३१ आणि काल १८ पॉइंट धरू. तीन शब्द मिळून ६६ झाले, उरले ४१. «महानगरपालिकेच्या» हा शब्द साधारण ६८ पॉइंटांचा असल्यामुळे त्या जागेत मावत नाही. तो अखंड खालच्या ओळीत गेला, की दोन्ही कडा सरळ ठेवण्यासाठी हे ४१ पॉइंट फक्त दोन जागांमध्ये वाटले जातात. प्रत्येकी साडेवीस पॉइंट, म्हणजे नेहमीच्या आठपट. ओळीत भगदाड पडतं ते इथे.

आता तोच शब्द «महानगर-» असा तोडला. चिन्हासकट त्याला ३३ पॉइंट लागतात. एकूण ९९ झाले, उरलेले ८ पॉइंट तीन जागांमध्ये गेले, प्रत्येकी २.७. ही जागा साध्या जागेपेक्षा वेगळी आहे हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

तुमचा डावीकडे लावण्याचा पर्याय या ओळीला लावून पाहा. शब्दांमधल्या जागा नेमक्या २.५ राहतील, पण उरलेले ३६ पॉइंट उजव्या कडेला मोकळे दिसतील, म्हणजे ओळीचा एक तृतीयांश भाग. भगदाड आतून कडेला सरकलं, इतकंच. पुढची ओळ भरली आणि तिच्यापुढची पुन्हा अर्धी राहिली, की कड करवतीसारखी होते. शब्द न तोडता अरुंद कॉलमात मराठी लावली, तर जस्टिफाय करा किंवा करू नका, लांब शब्दाची अडचण तशीच राहते. फोटोओळी, चौकटी आणि दोन कॉलमी मजकूर डावीकडे लावायला माझी हरकत नाही. तिथे माप सुमारे २२५ पॉइंट मिळतं, ओळीत जागांची संख्या वाढते आणि तोडण्याची वेळ क्वचितच येते.

ट्रॅकिंगबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: मराठीत सैल ओळ भरायला ते वापरू नये. रोमन लिपीत अक्षरं सुटी असतात, त्यामुळे त्यांच्यामध्ये थोडी थोडी जागा वाटली तरी चालते. देवनागरीत शब्द शिरोरेषेने एकसंध असतो. ट्रॅकिंग +२० म्हणजे १० पॉइंटला प्रत्येक अक्षरानंतर ०.२ पॉइंट. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर जेवढ्या चढलेल्या असतात, त्यापेक्षा हे अंतर जास्त झालं की रेषेला केसाएवढ्या चिरा पडतात. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, त्यामुळे काही चिरा झाकल्या जातात आणि ऑपरेटरला वाटतं की काम झालं. तेच पान ई-पेपरवर मोठं करून पाहा, शब्दाचे तुकडे स्पष्ट दिसतील. उणे ट्रॅकिंगने चिरा पडत नाहीत, पण रफार, अनुस्वार आणि वेलांटी शेजारच्या अक्षराच्या मात्रेवर आदळतात. म्हणून पान लावण्याच्या इनडिझाइन या प्रोग्रामच्या Justification चौकटीत Letter Spacing चे तीनही आकडे शून्यच ठेवा.

त्याच चौकटीतलं Glyph Scaling वेगळं आहे आणि अनेकजण त्याला उगाच घाबरतात. त्यात अक्षर आडवं ताणलं जातं, त्याबरोबर त्याची शिरोरेषाही ताणली जाते, म्हणून जोड सुटत नाही. मर्यादा ९८ ते १०२ ठेवली तर डोळ्याला कळत नाही. मिळतंही तेवढंच: ९९ पॉइंटांच्या मजकुरावर दोन टक्के म्हणजे जेमतेम दोन पॉइंट. त्यात एक अक्षरही मावणार नाही, फक्त जागा किंचित सावरतात. ज्याला यातून चमत्कार हवा असतो तो आकडे ९५-१०५ वर नेतो, आणि मग एका परिच्छेदात दोन फॉन्ट वापरल्यासारखं दिसतं.

Word Spacing मध्ये शब्दांमधल्या किमान, अपेक्षित आणि कमाल जागेसाठी इनडिझाइन मुळात ८०, १०० आणि १३३ टक्के देतं. मराठीसाठी मी ७०, ९०, १३० सुचवतो. शिरोरेषा शब्दागणिक तुटते, म्हणून जागा बरीच कमी झाली तरी शब्द कुठे संपला ते कळतं. रोमनमध्ये एवढी घट्ट ओळ चालली नसती. फक्त कमाल आकडा ही भिंत आहे असं समजू नका. दुसरा मार्ग उरला नाही तर इनडिझाइन तो ओलांडतं. कुठे ओलांडला ते पाहायला Preferences मधल्या Composition मध्ये H&J Violations ला खूण करा. बिघडलेल्या ओळी पिवळ्या होतात, आणि पिवळा जितका गडद तितकी ओळ वाईट.

आता तोडण्याकडे येऊ. दुसऱ्या ओळीत पालिकेच्या (३८) आणि पथकाने (२७) आले, ६५ झाले. «फेरीवाल्यांवर» सुमारे ४४ पॉइंटांचा, तो मावत नाही. «फेरी-» वर तोडला तर जागा बारा-बारा पॉइंटांच्या होतात. «फेरीवाल्यां-» वर तोडला तर चिन्हासकट ३७, उरले ५, आणि दोन जागांना बरोबर अडीच-अडीच मिळाले. प्रत्यय सुटा झाला, अनुस्वार आपल्या अक्षरापाशी राहिला, म्हणजे तोडही मराठीच्या बांध्याला धरून आहे.

पण तिसरी ओळ आता «वर कारवाई केली» अशी सुरू होते. वरच्या ओळीच्या टोकाला चिन्ह नसेल, तर वाचक क्षणभर «वर» हा सुटा शब्द समजतो. पोथ्यांत चिन्ह नव्हतं हे खरं. पण पोथीत मुळात शब्दही सलग लिहिलेले असत. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायची पद्धत स्वीकारली, की ओळीच्या शेवटची जागाही शब्द संपल्याची खूण होते, आणि जिथे शब्द संपलेला नाही तिथे तसं सांगावं लागतं.

ठेचकाळण्याची तुमची तक्रार मला मान्य आहे, फक्त तिचं कारण चिन्ह नसून चुकीची जागा आहे असं माझं म्हणणं आहे. मराठीचे आपोआप तोडण्याचे नियम अक्षराच्या सीमा ओळखतात, अर्थ ओळखत नाहीत. त्यांच्या लेखी «महान-गरपालिका» ही तोडही चालते. वाचकाने «महान» वाचलं आणि पुढच्या ओळीत त्याला «गरपालिका» भेटली, तर तो चिडणारच. यावर उपाय वापरकर्त्याच्या शब्दकोशात आहे. तिथे शब्द भरताना जिथे तोड हवी तिथे टिल्ड द्यायचा:

```
महानगर~पालिका
महानगर~पालिकेने
महानगर~पालिकेच्या
```

एक टिल्ड म्हणजे सर्वांत पसंतीची जागा, दोन म्हणजे त्याखालची, आणि शब्दाच्या सुरुवातीलाच टिल्ड दिला तर तो शब्द कधीच तुटत नाही. विभक्तीची रूपं वेगवेगळी भरावी लागतात, हे कंटाळवाणं आहे. पण मुंबईच्या पानांवर रोज येणारे लांब शब्द तेच ते असतात: मुख्यमंत्री, जिल्हाधिकारी, लोकप्रतिनिधी, गृहनिर्माण. त्यांची रूपं एकदा भरली की बराचसा त्रास संपतो.

बाकी मांडणी थोडक्यात. परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये भाषा मराठी असलीच पाहिजे. ती English राहिली तर हायफनेशनची खूण करूनही मराठी शब्द तुटत नाही, आणि दोष फॉन्टाला दिला जातो. Composer मध्ये Adobe World-Ready Paragraph Composer निवडा. तो अख्ख्या परिच्छेदाचा विचार करून, एक भयंकर ओळ टाळण्यासाठी आधीच्या दोन ओळी किंचित सैल सोडतो. एकेक ओळ लावणाऱ्या कंपोझरला ते जमत नाही. Hyphen Limit २ ठेवा, म्हणजे सलग तिसऱ्या ओळीच्या टोकाला चिन्ह येणार नाही.

Before Last चा आकडा, म्हणजे तोडीनंतर किमान किती अक्षरं खालच्या ओळीत जावीत ते ठरवताना जपून. «च्या» हे दिसायला एक अक्षर, पण युनिकोडात ती च, हलन्त, य आणि काना अशी चार चिन्हं आहेत. आपण डोळ्यांनी मोजलेली अक्षरं आणि चौकटीतला आकडा जुळतील असं धरू नका. «वर» खाली गेलेला चालतो, एकटा «च्या» गेलेला वाईट दिसतो. असे दहा-बारा शब्द १०७ पॉइंटांच्या कॉलमात ओतून पाहा आणि आकडा त्यावरून ठरवा.

तरीही एखादी ओळ बिघडलीच, तर हातचा उपाय म्हणून Discretionary Hyphen घाला, विंडोजवर Ctrl+Shift+- ने. साधं संयोगचिन्ह टंकू नका. नंतर उपसंपादकाने वर दोन शब्द काढले की ओळी सरकतात, आणि टंकलेलं चिन्ह ओळीच्या मधोमध «महानगर-पालिका» असं छापून येतं. Discretionary Hyphen ओळीच्या टोकाला असेल तरच दिसतो. «मुंबई-पुणे» सारख्या शब्दात मूळ चिन्हावर ओळ मोडू द्या, दुसरीकडे तोडू नका. «डॉ.» आणि आडनाव एकत्र ठेवायला न तुटणारी जागा द्या, पण ठराविक रुंदीची नको. ती ताणली जात नाही, आणि तिच्या वाट्याचा भार उरलेल्या एक-दोन जागांवर पडतो.

तुमच्याकडे अजून जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत पानं लागत असतील, तर यातलं आपोआप हायफनेशन बंदच ठेवा. तिथे प्रोग्रामच्या दृष्टीने मजकूर म्हणजे रोमन चिन्हांची रांग असते, आणि बऱ्याच फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते. तोड झाली तर वेलांटी वरच्या ओळीत आणि तिचं अक्षर खालच्या ओळीत जातं. अशा पानांवर फक्त हाताने घातलेला Discretionary Hyphen वापरा, तोही ज्या ओळी सैल दिसतात त्यांतच.