एपीटीटी वाढला म्हणजे रक्त पातळ झालं असं नाही

सध्या फिरत असलेला मजकूर:

“गर्भवती भगिनींनो सावधान! सोनोग्राफीत ठोके दिसले की लगेच पोटात रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू करतात. ही डुकराच्या आतड्यापासून बनतात, पोटातून थेट बाळात उतरतात आणि बाळ अपंग होतं. रिपोर्टमध्ये एपीटीटी वाढलेला असेल तर रक्त आधीच पातळ आहे, त्यांना तर हे विषच. आपल्या आज्यांनी दहा-दहा बाळंतपणं काढली, कुणी इंजेक्शन घेतलं? चौथा महिना लागला की बंद करा, रोज दोन लसणाच्या पाकळ्या खा. सगळा धंदा आहे. पुढे पाठवा.”

हा मजकूर परवा अशा मुलीच्या फोनवर पोहोचला जिला नुकताच चौथा महिना लागलाय आणि जी रोज रात्री हेच इंजेक्शन घेते. पाठवणारी तिची सख्खी मावशी. मावशीचा हेतू वाईट नाही, पण मजकूर वाईट आहे, आणि त्यातला सर्वांत उफराटा मुद्दा एपीटीटीचा आहे. म्हणून सुरुवात तिथून.

एपीटीटी ही चाचणी काचेच्या नळीत होते. रक्ताचा प्लाझ्मा घेतात, त्यात गुठळी व्हायला लागणारं फॉस्फोलिपिड आणि कॅल्शियम घालतात आणि किती सेकंदांत गुठळी होते ते मोजतात. साधारण तीस सेकंदांच्या आसपास ती व्हायला हवी. नेमका आकडा प्रत्येक लॅबचा वेगळा असतो. काही बायकांच्या रक्तात ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट’ नावाच्या अँटिबॉडी असतात. त्या नळीतल्या फॉस्फोलिपिडलाच अडवून धरतात. कच्चा मालच अडकला, की गुठळीला उशीर होतो आणि रिपोर्टवर एपीटीटी वाढलेला दिसतो. शरीरात मात्र याच अँटिबॉडी रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि प्लेटलेट चेतवतात, आणि गुठळ्या जास्त होतात. नळीत एक आणि अंगात नेमकं उलट. नावानेही घोळ वाढवला आहे: अँटिकोॲग्युलंट म्हणजे गुठळीविरोधी, आणि ही गोष्ट गुठळी करणारी. ‘ल्युपस’ हे नावही केवळ ती आधी ल्युपस नावाच्या आजाराच्या रुग्णांत सापडली म्हणून. ती असलेल्या कितीतरी बायकांना ल्युपस नसतो.

मग वाढलेला एपीटीटी खरंच रक्तस्रावाच्या आजाराचा आहे की या अँटिबॉडीचा, हे कसं ओळखायचं? लॅब त्या प्लाझ्मात तेवढाच निरोगी माणसाचा प्लाझ्मा मिसळते. गुठळी करणारा एखादा घटक कमी असेल तर तो निरोगी प्लाझ्मातून मिळतो आणि वेळ पूर्ववत होते. अँटिबॉडी असेल तर ती नव्या प्लाझ्मालाही अडवते आणि वेळ लांबलेलीच राहते. त्यानंतर डीआरव्हीव्हीटी नावाची चाचणी होते. तिच्यात जादा फॉस्फोलिपिड घातलं की लांबलेली वेळ कमी होते, आणि निदान पक्कं होतं. हेपरिन, म्हणजे मजकुरातलं तेच रक्त पातळ करायचं इंजेक्शन, चालू असताना नमुना दिला तर हे सगळे आकडे बिघडू शकतात. म्हणून चाचणी इंजेक्शन सुरू होण्याआधी, नाहीतर निदान पुढच्या डोसच्या अगदी आधी करायची, आणि लॅबला तसं सांगायचं. एवढ्या खटाटोपाने सापडलेल्या धोक्याच्या खुणेला ‘रक्त आधीच पातळ’ म्हणून इंजेक्शन बंद करायला सांगणं म्हणजे ज्या बाईला त्याची सर्वांत जास्त गरज आहे नेमकं तिचंच काढून घेणं.

या आजाराला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. आपल्याकडे दवाखान्यात ‘ॲप्ला पॉझिटिव्ह’ असं म्हणायची पद्धत आहे. एका पॉझिटिव्ह रिपोर्टवर निदान होत नाही, कारण साध्या तापानंतरही या अँटिबॉडी काही दिवस दिसू शकतात. ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या तीनपैकी निदान एक चाचणी किमान १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा पॉझिटिव्ह यावी लागते, शेवटच्या दोन्हींचं प्रमाण मध्यम किंवा जास्त असावं लागतं, आणि जोडीला तसा इतिहास असावा लागतो: लागोपाठ तीन गर्भपात, दहा आठवड्यांनंतर नीट वाढ असलेलं बाळ पोटात जाणं, बीपी वाढून किंवा वार नीट काम न केल्याने ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण, किंवा पूर्वी झालेली गुठळी.

आता ‘ठोके दिसले की लगेच’ याबद्दल. हो, लगेच. १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलचा अभ्यास आला. वारंवार गर्भपात झालेल्या आणि या अँटिबॉडी असलेल्या ९० बायका. सगळ्यांना गरोदरपणाची चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन. सोनोग्राफीत ठोके दिसल्यावर चिठ्ठ्या टाकाव्या तशी विभागणी झाली: ४५ जणींना नुसती ॲस्पिरिन, ४५ जणींना तिच्या जोडीला दर १२ तासांनी ५००० युनिट हेपरिन. नुसत्या ॲस्पिरिनवर १९ बाळं जिवंत जन्मली, दोन्हींवर ३२. पुढच्या एका अभ्यासात इतका ठळक फरक दिसला नाही हे खरं, पण उपचाराची आजची घडी बऱ्याच अंशी या अभ्यासावर बसलेली आहे. ठोके दिसताच इंजेक्शन सुरू करणं ही कुणा डॉक्टरची घाई नाही, त्या अभ्यासातला तो ठरलेला क्षण आहे.

याच अभ्यासात चौथ्या महिन्याच्या मुद्द्याला थोडा आधारही सापडतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. १३ आठवडे ओलांडलेल्या गरोदरपणांत दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. पण त्या बायकांची इंजेक्शनं चौथ्या महिन्यात थांबवली नव्हती, ती ३४ आठवड्यांपर्यंत चालू होती. तेव्हा थांबवलं तरी चालतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय चौथ्या महिन्यानंतरचा प्रश्न फक्त गर्भपाताचा नसतो. वारेचा रक्तपुरवठा तोकडा पडून बाळाची वाढ खुंटणं, बीपी वाढणं, आणि आईच्या पायात किंवा फुप्फुसात गुठळी होणं हे पुढचे धोके आहेत. जिला पूर्वी गुठळी होऊन गेली आहे तिला पूर्ण डोस असतो, एनॉक्सापॅरिन हा हेपरिनचाच प्रकार, वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. तिने मजकूर वाचून ते बंद केलं तर त्यात तिचा जीव जाऊ शकतो. एका पायाला, बहुतेकदा डाव्या, अचानक सूज आणि दुखणं, किंवा एकाएकी धाप लागणं, छातीत कळ येणं: यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

‘थेट बाळात उतरतं’ हे साफ खोटं आहे. सुई जेमतेम अर्ध्या इंचाची असते आणि ती कातडीखालच्या चरबीत थांबते. गर्भाशय तिच्यापासून स्नायूंच्या थरांपलीकडे आहे. औषध चरबीतून आईच्या रक्तात जातं, आणि हेपरिनचा रेणू एवढा मोठा आहे की तो वार ओलांडत नाही. ही भीती आली कुठून ते मात्र कळतं. वॉर्फरिन नावाची गोळी वार ओलांडते आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळात व्यंग करू शकते. म्हणूनच तर दिवस राहताच वॉर्फरिनच्या जागी हेपरिन देतात. कमी डोसची ॲस्पिरिन वार ओलांडते, पण या डोसात ती बाळाला व्यंग करत नाही.

इंजेक्शन घेताना बेंबीपासून दोन इंच सोडून बाजूची कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत घालायची, आणि सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही. तो काढताना औषध सांडून डोस कमी होतो. नंतर चोळायचं नाही. काळेनिळे डाग पडण्याचं एक नेहमीचं कारण चोळणं हेच असतं. पोट ताणलं गेलं की मांडीवर घेतलं तरी चालतं.

डुकराचा मुद्दा खरा आहे. हेपरिन आणि एनॉक्सापॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतात. ज्यांना धर्मामुळे अडचण आहे त्यांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. फोंडापॅरिनक्स हे कृत्रिम औषध आहे, पण गरोदरपणातला त्याचा अनुभव कमी आहे.

धंद्याच्या आरोपातही थोडं तथ्य आहे, आणि ते कबूल करताना राग येतो. एका गर्भपातानंतर, नाहीतर एमटीएचएफआर नावाच्या जनुकाच्या रिपोर्टवर, सर्रास ही इंजेक्शनं लिहिली जातात. त्याला आधार नाही. ज्यांच्या गर्भपाताचं कारण सापडत नाही त्यांना ॲस्पिरिन आणि हेपरिनचा फायदा होत नाही हे २०१० मध्ये दिसलं, आणि आनुवंशिक गुठळीदोष असलेल्या ३२६ बायकांच्या २०२३ च्या अभ्यासात हेपरिन घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या दोघींच्या जिवंत बाळांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, ७२ आणि ७१ टक्के. तेव्हा ‘माझं निदान काय, दोन्ही रिपोर्टमध्ये किती अंतर होतं?’ असं डॉक्टरांना विचारा. इंजेक्शन स्वतःहून थांबवू मात्र नका.

आज्यांची दहा बाळंतपणं झाली, पण त्यांतली किती मुलं पोटातच गेली ते कुणी मोजलं नाही. हा आजार ओळखला गेला तोच १९८३ च्या सुमाराला. लसूण जेवणात खुशाल खा, तो हेपरिनचं काम करत नाही.

उपचार प्रत्यक्षात कसा चालतो, त्याचं एक उदाहरण धरू. वजन ५८ किलो, सातव्या आणि नवव्या आठवड्यात दोन गर्भपात, मग बावीसाव्या आठवड्यात बाळ पोटात गेलेलं, ल्युपस अँटिकोॲग्युलंट १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा पॉझिटिव्ह, गुठळी कधी नाही. तिला सहसा ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि रोज एकदा ४० मिलिग्रॅम एनॉक्सापॅरिन, म्हणजे ०.४ मिलिलिटरची एक सिरिंज. हेपरिनने क्वचित प्लेटलेट घसरतात, म्हणून पहिल्या पंधरवड्यात प्लेटलेट पाहतात. अठ्ठावीस आठवड्यांपासून वाढीची आणि डॉप्लरची सोनोग्राफी. ॲस्पिरिन छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास थांबते. कळा सुरू झाल्या असं वाटलं तर पुढचं इंजेक्शन घ्यायचं नाही, आधी दवाखान्यात फोन करायचा, कारण या डोसनंतर १२ तास गेल्याशिवाय पाठीत भूल देत नाहीत, पूर्ण डोस असेल तर २४ तास. बाळंतपणानंतर काही तासांनी, डॉक्टर सांगतील तेव्हा, ते पुन्हा सुरू होतं आणि बहुधा सहा आठवडे चालतं. गुठळीचा धोका याच आठवड्यांत सर्वांत जास्त असतो, आणि हेपरिन चालू असताना बाळाला अंगावर पाजता येतं.