व, ब, क आणि एक कप चहा

अमळनेरला माझं डीटीपीचं छोटंसं दुकान आहे, लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, दशक्रियेचे कागद, सगळं करतो. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. एका रविवारी ती म्हणाली, "अहो, व, ब, क गिरवायचं एक पान करून द्या ना, दहा मिनिटांचं तर काम आहे." दहा मिनिटांचं काम म्हटलं की माझी रात्र जाते, हे लग्नाला बारा वर्षं झाल्यावर तरी कळायला हवं होतं.

मी श्रीलिपीतला मस्त जाड 'व' घेतला, आतला रंग काढला, बाहेरची रेघ टिंबटिंब केली, झालं. भाचा घरीच होता, त्याला पेन्सिल दिली. त्याने आधी बाहेरच्या टिंबांवरून एक रेघ ओढली, मग आतल्या टिंबांवरून दुसरी, आणि मान वर करून विचारलं, "मामा, आता यात रंग भरू?" बरोबरच होतं त्याचं, मी अक्षर दिलंच नव्हतं, अक्षराच्या आकाराची नळी दिली होती. पेन्सिल एका रेघेवरून जाते, तर टिंबंही अक्षराच्या मधोमध एकाच ओळीत हवीत. आणि तसा तयार फॉन्ट आपल्याकडे नव्हता, म्हणून मग कोरलमध्ये जाड 'व' फिक्का करून खाली ठेवला आणि त्याच्यावरून हाताने रेघ काढली, आधी पोट, मग दांडी, शेवटी डोक्यावरची रेघ, तीन वेगळे तुकडे, प्रत्येकाच्या सुरुवातीला ठसठशीत ठिपका आणि बाण. हे तुकडे वेगळे ठेवले ते बरंच झालं, कारण त्याच पोटात तिरपी रेघ टाकली की ब, आणि दांडीच्या उजवीकडे शेपूट काढलं की क. म्हणूनच बाईंनी ही तीन अक्षरं एकत्र मागितली होती, मला वाटलेलं सहज सुचली असतील.

मग मांडणी. पत्रिकेत तीस आत्या-मामा-काका बसवायची सवय, त्यामुळे मी एका ओळीत अकरा 'व' बसवले आणि चारी बाजूंनी वेलबुट्टी. बायको म्हणाली, "कोणाचं लग्न आहे?" पान आडवं करायला लावलं, अक्षर तीन सेंटिमीटर उंच, ओळीत फक्त चार: पहिलं भरीव, पुढची दोन टिंबांची, आणि चौथ्या जागी नुसता सुरुवातीचा ठिपका. पोरं अख्ख्या मुठीत पेन्सिल धरतात आणि खांद्यापासून हात हलवतात, लहान अक्षर दिलं तर शेजारच्या अक्षरात घुसतात. नमुना उजवीकडेही एकदा टाकायला लावला, कारण वर्गात दोन डावखुरी आहेत आणि त्यांचा हात नेमका डावीकडच्या नमुन्यावरच येतो. मी हौसेने चार रेघांची ओळ आखली होती ती पण गेली, ती एबीसीडीची, आपलं अक्षर वरच्या रेघेला लटकतं.

चित्रांना मात्र मी फार हुशारी केली. जळगाव जिल्हा, म्हणजे क ला केळं आणि व ला भरताचं वांगं, दोघांनाही डोळे आणि हसू. बाईंनी लाल पेनने दोन्ही खोडले. "अजून काना-मात्रा शिकवलेली नाही, टिंब नाही, आणि तुम्ही वांगं काढता?" म्हणजे अख्खं पान जळगाव जिल्ह्याचं आणि त्यात ना केळं ना वांगं! कमळ सुचवलं तर म्हणे पोरं अहिराणीत 'कमय' म्हणतील, ते परत समजवा. शेवटी वड, बदक आणि कप ठरले.

तीस झेरॉक्स काढायला गेलो. टिंबं मी सुंदर फिक्कट करड्या रंगाची केली होती, पेन्सिल उठून दिसावी म्हणून. झेरॉक्सवाल्याने पहिलीच कॉपी दिली, त्यात बाण होते, बदक होतं, टिंबांची अक्षरं गायब! त्याने डार्क वाढवलं तर अख्खं पान धुरकट. परत दुकान, टिंबं बारीक पण पूर्ण काळी आणि दोन टिंबांत दोनेक मिलिमीटर मोकळं. टिंबं अजून जवळ घेतली की झेरॉक्समध्ये चिकटून सरळ रेघच होते, मग पोराला जोडायला उरतं काय.

सोमवारी दुपारी फोन आला. व झकास, ब झकास, बदकाला तर सगळ्यांनी नावं ठेवली, म्हणजे शब्दशः, कोणी गुड्डी ठेवलं कोणी पिंकी. क जवळ आल्यावर बाईंनी कपाकडे बोट दाखवून विचारलं, "हाई काय शे?" आणि तीसच्या तीस पोरं ओरडली, "चा!"

मी कपातून तीन वाफा काढल्या होत्या ना.

आता वाफा पुसून नवीन पान करतोय. भाच्याला दाखवलं, तो म्हणाला, "मामा, चहा संपला का?"